अहवाल कोणी लिहिला आणि काम कोणी केलं?

 

आज जो विषय घेतला आहे तो हल्ली बैठकीत कुजबुजीनं येतो, उघड कोणी बोलत नाही. गटानं मिळून एखादा प्रकल्प अहवाल करायचा असतो. चार-पाच जणींत काम वाटलेलं असतं. त्यातली एक जण कोणाला न सांगता मोबाईलवरच्या एआयकडून सगळं लिहून घेते. चॅटजीपीटीसारखं ॲप असतं, त्यात प्रश्न टाकला की ते पानंच्या पानं लिहून देतं. नंतर ते उघडकीला येतं. मग भांडण दोन गोष्टींवरून होतं. एक, हिनं आपल्याला फसवलं का? आणि दुसरी, मानधन आता वाटायचं कसं? पहिल्या प्रश्नावर सगळ्या जणी तावातावानं बोलतात. दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे, म्हणून आज मी त्यावरच बोलणार आहे.

समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण रचून सांगते. यातला गट खरा नाही, त्यामुळे आपल्या ओळखीचं कोणी शोधू नका. बायांना आपण त्यांच्या कामावरूनच ओळखू.

आपल्याकडे तूर भरपूर. एका गटानं ठरवलं की तुरीची डाळ करून विकायची. छोटी दाळ मिल घ्यायची. २०२० मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना तुम्हाला माहीत आहे. तिच्यात गटाच्या अन्नप्रक्रिया करणाऱ्या सदस्याला ४० हजारांपर्यंत बीज भांडवल आणि कर्जाला जोडून ३५ टक्के अनुदान ठेवलं होतं. पण त्या कर्जासाठी प्रकल्प अहवाल लागतो. गटानं पाच जणींची समिती केली आणि अहवालाच्या कामासाठी ५,००० रुपये मानधन ठेवलं. कामं अशी वाटली. माहितीवाली काकू तीन गावं फिरून कोणाकडे किती तूर आहे, काय भावानं देतील, ते विचारून आली. दुकानवाली ताई किराणा दुकानांत जाऊन डाळ कोणत्या भावानं घेतील, अर्ध्या किलोचं पाकीट चालतं का एक किलोचं, हे पाहून आली. मशीनवाल्या वहिनीनं यंत्राची कोटेशनं आणली, विजेचा लोड विचारला. वहीवाल्या ताईनं गटाची पुस्तकं, ठराव, बँकेचे कागद जमवले. आणि एका शिकलेल्या सूनबाईकडे लिहिण्याचं काम आलं. आपण तिला लिहिणारी सूनबाई म्हणू.

अहवाल आठ दिवसांत झाला. छान टाईप केलेला, तक्ते, शुद्ध मराठी. सगळ्या जणी खूश. बँकेत साहेबांनी पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. शंभर किलो तुरीतून नव्वद किलो डाळ, असं लिहिलेलं होतं. त्यांनी विचारलं, "हा नव्वदचा आकडा कुठून आणला?" पाचही जणी एकमेकींकडे पाहू लागल्या. बाहेर आल्यावर काकूंनी विचारलं, "काहून वं, मी तुले नव्वद कवा सांगितले?" तेव्हा सूनबाई रडवेली होऊन म्हणाली, "मी नाही लिहिलं काकू, मोबाईलनं लिहून देल्लं."

आता या नव्वदचं काय ते आधी पाहू, कारण न्यायाचा सगळा धागा तिथंच आहे. घरी जात्यावर डाळ केलेल्या बाईला हे सांगायला नको. तुरीच्या दाण्याचं टरफलच वजनात शंभराला १२ ते १५ किलो असतं. म्हणजे एक कणही फुटला नाही, पीठ उडालं नाही, तरी ८५-८८ किलोच्या वर डाळ निघूच शकत नाही. प्रत्यक्षात कणी पडते, चुरा होतो, चुनी निघते. छोट्या मिलमधून साधारण ७० ते ७५ किलो डाळ हाती येते. घरच्या जात्यावर त्याहून थोडी कमीच. तर नव्वद हा आकडा कोणत्याच मिलचा नाही.

मग तो आला कुठून? हे एआय म्हणजे भाषेचं यंत्र आहे. अमाप मजकूर वाचवून त्याला शिकवलेलं असतं, की अशा वाक्यापुढे बहुतेक कोणता शब्द येतो. त्यानं आपली तूर पाहिली नाही, मिल पाहिली नाही. तक्त्यात एक घर रिकामं दिसलं की तिथं शोभेल असा आकडा ते बसवून देतं. आकडा शोभतो, म्हणून आपल्याला खरा वाटतो.

या एका आकड्यानं काय झालं असतं? हंगामात शंभर क्विंटल तूर घेतली असं धरा. अहवालाप्रमाणे ९० क्विंटल डाळ, खरी निघणार ७२ च्या आसपास. १८ क्विंटलचा फरक. डाळीचा भाव किलोला १०० रुपये धरला तर एक लाख ऐंशी हजार रुपयांची विक्री फक्त कागदावरच. चुनी ढोरांना विकली जाते, पण डाळीच्या भावानं नाही. आणि कर्जाचा हप्ता मात्र त्या कागदावरच्या डाळीतून भरायचा होता! सही अध्यक्ष आणि सचिवाची, कर्ज गटाच्या नावावर. मोबाईल काही हप्ता भरायला येत नाही.

आता गटाची बैठक बसली. दोन बाजू पडल्या. एक बाजू म्हणाली, "हिनं एका रात्रीत मोबाईलवरून उतरवून घेतलं, हिले एक रुपया देऊ नका." दुसरी बाजू म्हणाली, "कसंही असो, अहवाल तर हिनंच केला ना? बाकीच्यांनी काय लिहिलं? हिले निम्मे द्या." दोन्ही बाजू भांडत होत्या, पण दोघींचीही नजर एकाच ठिकाणी होती, त्या छापलेल्या कागदावर. पूर्वी कागद पाहून काम थोडंफार कळायचं, कारण दहा पानं लिहायला खरोखर मेहनत लागायची. आता दहा पानं दहा मिनिटांत होतात. तीन गावं फिरायला मात्र आजही तीन दिवसच लागतात. म्हणून आता कागद पाहून वाटा ठरवला तर जिनं सगळ्यात कमी केलं तिला सगळ्यात जास्त मिळू शकतं. वाटा ठरवायचा तो माहिती कुणी आणली, हिशोब कुणी केला आणि तपासलं कुणी, यावरून.

काही जणी विचारतील, असं एखादं ॲप नाही का जे सांगेल की हे माणसानं लिहिलं का यंत्रानं? ॲपं आहेत, पण त्यांच्या भरवशावर कोणा बाईवर आळ घेऊ नका. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआय कंपनीनंच जानेवारी २०२३ मध्ये असं ओळखणारं साधन काढलं होतं. यंत्रानं लिहिलेल्या शंभर मजकुरांतले २६ च त्याला ओळखू आले, आणि माणसानं लिहिलेल्या शंभरातल्या ९ मजकुरांवर त्यानं खोटाच शिक्का मारला. जुलै २०२३ मध्ये कंपनीनं ते बंद केलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी ज्यांची घरची भाषा नाही अशा विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेले निबंध त्यांना दिले, तर निम्म्याहून जास्त निबंध यंत्रानं लिहिलेले ठरवले गेले. साधी, ठोकळेबाज वाक्यं दिसली की त्यांना संशय येतो. आपण घरी वऱ्हाडी बोलतो आणि अर्ज लिहिताना जपून पुस्तकी मराठी लिहितो. असा शिक्का आपल्यावरही बसू शकतो. आणि भाषा फार शुद्ध आहे, एवढ्यावरूनही काही सिद्ध होत नाही. आपल्या एखाद्या सुनेचं मराठी खरंच सुंदर असतं.

तर मग करायचं काय? तीन गोष्टी, याच क्रमानं.

पहिली गोष्ट, अहवाल समोर ठेवून प्रत्येक आकड्याला विचारायचं, "तू कोणाचा?" एक जण आकडा वाचेल, बाकीच्यांपैकी जिनं तो आणला ती हात वर करेल आणि वही, चिठ्ठी, कोटेशन, जे असेल ते दाखवेल. आपल्या उदाहरणातल्या गटानं हे केलं तेव्हा तुरीचा भाव काकूंचा निघाला, डाळीचा भाव दुकानवाल्या ताईचा, यंत्राची किंमत वहिनीच्या कोटेशनमधली. नव्वदला कोणी मालक निघाला नाही. पॅकिंगच्या खर्चालाही नाही. बेवारस आकड्यांवर पेनानं गोल करायचा. ते पुन्हा शोधल्याशिवाय अहवाल कुठंही द्यायचा नाही.

दुसरी गोष्ट, प्रत्येकीला तिच्या कामाबद्दल तीन प्रश्न. माहिती कुठून आणलीस? हिशोब कसा केलास? आणि उद्या परिस्थिती बदलली तर काय होईल? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्याचं उत्तर पाठ करून येत नाही. काकूंना विचारलं, तुरीचा भाव पाचशेनं चढला तर? त्या म्हणाल्या, "मंग लहान शेतकऱ्याकडून डिसेंबर-जानेवारीतच घ्यावी लागंल, तो थांबू शकत नाही. पण तवा तूर ओली असते, वाळली का वजन घटते. ते धराले पाहिजे." ही घट अहवालात कुठंच नव्हती. काकूंना लिहिता येत नाही, पण पाचही जणींत तुरीचं गणित सगळ्यात पक्कं त्यांचंच होतं. सूनबाईला विचारलं, हप्ता पहिल्या महिन्यापासून का धरला, डाळ विकून पैसा यायला तर वेळ लागतो? तिला सांगता आलं नाही. पण कोटेशनचे सगळे आकडे तक्त्यात तिनं हातानं भरले होते, ठराव कुठं जोडायचा हे तिनं बँकेत विचारून घेतलं होतं, आणि ते तिनं नीट सांगितलं. म्हणजे तिचं काम शून्य नव्हतं.

इथं एक सांभाळा. काही जणी चारचौघींत बोलायला लाजतात. लाजणं म्हणजे काम न करणं नव्हे. त्यांना त्यांच्या बोलीत, त्यांच्याच ओट्यावर बसून विचारा, वही हातात ठेवून बोलू द्या. आणि प्रश्न सगळ्यांना सारखेच विचारा. फक्त जिच्यावर संशय आहे तिलाच विचारले, तर तिची उलटतपासणी केल्यासारखं होतं.

तिसरी गोष्ट, तुरीचे दाणे. प्रश्नोत्तरं झाली की प्रत्येकीच्या हातात ४० दाणे द्यायचे आणि बाकीच्या चौघींच्या नावाच्या चार वाट्या एकांतात ठेवायच्या. जिचं काम जेवढं वाटलं तेवढे दाणे तिच्या वाटीत. स्वतःला वाटी नाही. अक्षर येत नसलं तरी चालतं, वाटीवर खूण करा. हे दाणे प्रश्नोत्तरांच्या आधी टाकू नका. आधी टाकले असते तर लिहिणाऱ्या सूनबाईची वाटी भरून वाहिली असती, कारण तोवर डोळ्यांसमोर तो सुंदर कागदच होता.

पाच जणींचे मिळून २०० दाणे. आपल्या उदाहरणात असे पडले असं धरा. काकूंना ५६, दुकानवाल्या ताईला ४६, मशीनवाल्या वहिनीला ४२, वहीवाल्या ताईला ३८ आणि सूनबाईला १८. आता पैसे. ५,००० पैकी निम्मे, म्हणजे २,५००, सगळ्यांना सारखे, प्रत्येकी ५००, कारण काम समितीचं होतं. उरलेले २,५०० दाण्यांप्रमाणे. २,५०० भागिले २००, म्हणजे एका दाण्याला साडेबारा रुपये. काकूंचे दाण्यांचे ७०० आणि सारखे ५००, मिळून १,२००. दुकानवाल्या ताईला १,०७५, वहिनीला १,०२५, वहीवाल्या ताईला ९७५ आणि सूनबाईला ७२५. बेरीज करून पाहा, बरोबर ५,००० येतात. सगळं दाण्यांवर सोडलं नाही, कारण दाण्यांतही खोट असू शकते. सासू-सून एकाच गटात असतात, कोणाचं कोणाकडे उसनं असतं, कोणाचं जुनं भांडण असतं. एखादीनं कोणाला एकही दाणा दिला नाही, तर कारण विचारा. आणि सगळ्यांनी सगळ्यांना दहा-दहा टाकले, तर समजा की बाया वाईटपणा घ्यायला नको म्हणतात. मग दाणे बाजूला ठेवून वहीतल्या नोंदीवरूनच वाटा ठरवा.

आता राहिला पहिला प्रश्न, लपवण्याचा. तो मानधनात मिसळू नका. सूनबाईला ७२५ मिळाले ते तिच्या कामाचे. लपवलं म्हणून त्यातून आणखी कापायचे नाहीत. लपवण्याचा निवाडा वेगळा करायचा, आणि त्याआधी गटानं स्वतःला दोन गोष्टी विचारायच्या. एआय वापरायचं की नाही, याचा काही नियम आपण आधी केला होता का? नसेल तर दंड कशाच्या आधारावर लावणार? आणि चौघींचे कागद तिच्या हातात कधी दिले? शेवटच्या दिवशी संध्याकाळी दिले असतील आणि "तू शिकलेली आहेस, उद्या सकाळपर्यंत कर" म्हटलं असेल, तर तो भार गटानंच तिच्यावर टाकला. तिची भरपाई अशी असावी की गोल केलेले सगळे बेवारस आकडे तिनं काकू आणि वहिनीसोबत फिरून, मिलवर विचारून पुन्हा आणायचे. ते काम वहीत लिहिलं जाईल आणि तेही तिचं काम म्हणून मोजलं जाईल. आणि तिला हेही विचारा, की त्या ॲपमध्ये कोणाचा आधार नंबर, बँक खातं टाकलं होतं का? टाकलं असेल तर त्या बाईला सांगा, आणि यापुढे ते टाकणं बंद.

पुढच्या वेळी हा तंटा होऊ नये म्हणून काय? आपल्या पंचसूत्रीत नोंदी ठेवणं आहेच. त्याच सवयीनं प्रकल्पाची एक वेगळी वही करा. रोज एक ओळ: तारीख, कोण, काय केलं, माहिती कोणाकडून मिळाली. आणि एक रकाना एआयचा: कोणत्या पानासाठी वापरलं, आणि त्यातला मजकूर कोणी तपासला. वापरणं गुन्हा नाही. अर्जाची भाषा नीट करायला, इंग्रजी कोटेशनचा अर्थ लावायला ते कामाचं आहे. लपवू नका आणि न तपासता पुढं देऊ नका, एवढाच ठराव बैठकीत घ्या. शास्त्रज्ञांच्या जगातही असंच ठरलं. नेचर या विज्ञानाच्या प्रसिद्ध साप्ताहिकानं जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं की असं यंत्र लेखक म्हणून चालणार नाही, कारण ते लिहिलेल्याची जबाबदारी घेऊ शकत नाही, आणि वापरलं असेल तर तसं लिहून द्यावं लागेल.

आपल्या मुलींनाही हे सांगा. कॉलेजात आता नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्र प्रकल्प आले आहेत. त्यात मुली गावात येऊन सर्व्हे करतात आणि मिळून अहवाल देतात. तिथंही एक जण गुपचूप मोबाईलवरून लिहून घेते आणि घरोघर फिरलेल्या चौघींना तेवढेच किंवा कमी गुण पडतात. मुलीला म्हणावं, फिरलेल्या घरांची वही तारखेसकट ठेव. अहवाल गुगल डॉक्सवर लिहीत असाल तर कोणी कधी काय टाकलं, त्याचा इतिहास तिथं दिसतो. पण त्यातही एक आहे. पूर्ण पान एकदम चिकटवलेलं दिसलं तर ते एआयचंच असेल असं नाही, मुलीनं आधी दुसरीकडे लिहून मग आणलं असू शकतं. म्हणून शेवटी सरांना विनंती करावी की प्रत्येकीला पाच मिनिटं वेगळं बसवून तिच्या घरांबद्दल विचारा. जी फिरली असेल तिला कोणत्या घरात विहीर आटली होती हे सांगता येईल.

ज्या गटांचे अहवाल आत्ता बँकेत जायचे आहेत त्यांनी या आठवड्याच्या बैठकीत एवढं करा. अहवाल मोठ्यानं वाचा आणि प्रत्येक आकड्याला मालक शोधा. डाळ, मिरची, पापड, जे उत्पादन असेल त्याचा उतारा ज्या बाईनं ते हातानं केलं आहे तिला विचारा. ज्याला मालक नाही तो आकडा सही करण्याआधी काढून टाका.

काही अडलं तर आपल्या ग्रामसंघाच्या बैठकीत मांडा.